पानठेल्यावरून दिसणारा चेहरा

चि. यास अनेक आशीर्वाद.

फ्लेक्सच्या दुकानात बसून तू विचारलंस, की टॉकीजच्या बोर्डावरचे ते एवढाले चेहरे हाताने कसे काढायचे. सगळं लिहीत बसलो तर वही पुरायची नाही. चेहऱ्यापुरतं सांगतो.

आमच्या तालुक्याच्या टॉकीजवर 20 बाय 10 फुटांचा बोर्ड असायचा. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणायचा आणि त्यावर सरस नि खडूच्या भुकटीचा हात द्यायचा. सरस जास्त झाला तर उन्हात तडे जातात. कमी झाला तर कापड तेल पिऊन टाकतं अन् रंग मेल्यासारखा दिसतो. रंगाची भुकटी जवसाच्या तेलात घोटायची. जवस तर आपल्याच शेतातला, त्यामुळे दुकानभर चटणीच्या तेलाचा वास असे.

वितरकाकडून फोटोकार्डं यायची. कार्डातला चेहरा 3 इंचांचा आणि बोर्डावर हवा 6 फुटांचा, म्हणजे इंचाला 2 फूट. म्हणून फोटोवर अर्ध्या इंचाचे चौकोन पाडायचे आणि कापडावर एक फुटाचे. नीळ लावलेलं सूत ताणून सोडलं की रेघ उमटते. मग एकेका चौकोनातलं कोळशाने उतरवायचं. इथवर कोणीही शिकतो.

मला पहिला चेहरा मिळाला तेव्हा मी फोटोबरहुकूम काम केलं. गालाच्या रंगात काळा मिसळून सावली केली आणि ब्रशची एक खूण राहू दिली नाही. उस्तादांनी पाहिलं अन् म्हणाले, "जा, समोरच्या ठेल्यावरून पान घेऊन ये." पानठेला रस्त्यापलीकडे, शंभरेक फुटांवर. पान घेऊन वळलो तर नायकाच्या गालाला चिखल फासलेला! परत आलो तेव्हा ते गाल खरवडत होते. सावलीत हिरवा आणि निळा, उजेडाकडे नारिंगी, नाकाच्या शेंड्यावर पिवळट पांढऱ्याचा एकच फटकारा. काही घोटलं नाही, रंगाशेजारी रंग तसाच ठेवला. जवळून ते विचित्र दिसायचं, पण ठेल्यावरून डोळा ते रंग आपसूक एक करतो आणि गाल फुगून पुढे येतो. काळ्याने अंगाचा रंग मरतो, हिरव्या-निळ्याने तो मरत नाही. लोक म्हणायचे, पेंटरला रंग कळत नाहीत, हिरोला हिरवा केला. असो.

दुसरी गोष्ट फोटोत सापडतच नाही. बोर्डाचा मध्य जमिनीपासून 20 फुटांवर होता. तिकिटाच्या रांगेतला माणूस 30 फुटांवरून मान वर करून बघतो, त्याला 6 फुटांचा चेहरा साधारण सवापाच फुटांचा भासतो, म्हणजे बसका. शंभर फुटांवरून मात्र तो फरक जवळजवळ उरत नाही. रांगेसाठी चेहरा लांबवला तर ठेल्यावरून तो घोड्यासारखा दिसतो. उस्ताद मधला मार्ग काढत: कपाळ नि हनुवटीत मिळून चारेक बोटं वाढवायची, डोळ्यांना हात लावायचा नाही. शेजारच्या गावी बोर्ड खाली होता, तिथे तेच कार्ड आलं तरी ते काहीच वाढवत नसत.

गेलं ते हे. हाताची कला गेली म्हणून मी रडत नाही. निम्मे चेहरे नटासारखे दिसतही नसत, नाव वाचून ओळखावं लागे. पण प्रत्येक बोर्ड एका जागेसाठी होता. तुझ्याकडे येणारी फाइल नागपूरला तीच आणि आपल्याकडे तीच. बोर्ड किती उंचीवर लागणार हे ती करणाऱ्याला ठाऊकच नसतं.

सारा दोष फ्लेक्सलाही देऊ नको. पूर्वी रिळांची पेटी शहरं फिरून आमच्याकडे आठवड्यांनी यायची. तोवर कोणत्या नटावर गर्दी होते, मारामारीवर होते की गाण्यावर, हे कळलेलं असे, आणि त्यावरून बोर्डावर कोण मोठा ते ठरे. सिनेमा उपग्रहावरून उतरू लागला अन् सगळीकडे एकाच शुक्रवारी लागू लागला. मग पेंटरच्या तीन दिवसांना जागा कुठली?

तू जुना बोर्ड बघायला मागतोस, तो माझ्याकडे नाही. खेळ उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा सिनेमा रंगवायचो. आठ-दहा थरांनी कापड जड होऊन चिरलं, की कोणी तरी कापसाच्या गंजीवर टाकायला मागून नेई.

तुला ते गणेश मंडळाचं काम मिळालंय ना, त्याची फाइल उघडण्याआधी टेप घेऊन चौकात जा. बोर्डाची उंची आणि माणसं कुठे थांबतात ते अंतर, दोन्ही लिहून आण. एक चेहरा कागदावर छापून भिंतीला लाव, मागे सरक, डोळे किलकिले करून बघ. गालाचा चिखल झाला तर सावलीतला काळा कमी कर, निळा वाढव. न जमलं तर रविवारी कागद घेऊन इकडेच ये, समोरचा ठेला अजून आहे.

तुझा,
काका