‘निधी नाही’ हे उत्तर कोर्टात टिकतं का?

“आमच्या गावचं उपकेंद्र दीड वर्षापासून कुलूपबंद आहे. नर्सबाईंची जागा रिकामी, औषधं येत नाहीत. नाल्याला पूर आला की बाळंतिणीला खाटेवर टाकून न्यावं लागतं. जिल्हा परिषद म्हणते, ‘निधी नाही, टप्प्याटप्प्यानं करू.’ यावर काही करता येतं का?”
– एक आशाताई, विदर्भ

ताई, टप्प्याटप्प्यानं करण्याची मुभा खरंच आहे. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९७९ मध्ये स्वीकारला, त्याच्या कलम २ मध्येच ती दिली आहे. पण या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीनं १९९० मध्ये त्या मुभेला एक तळ घालून दिला. अन्न, निवारा, प्राथमिक आरोग्यसेवा, मूलभूत शिक्षण यांतलं किमान तेवढंही पुष्कळ लोकांना मिळत नसेल, तर सरकार प्रथमदर्शनी चुकलं असंच ती धरते. पैसा नव्हता असं म्हणायचं असेल, तर हाती होता तो सगळा आधी या किमान गरजांवर लावला, हे सरकारनं दाखवायचं असतं. आवश्यक औषधं या किमान यादीत येतात, आणि बाळंतिणीच्या सेवेला समिती तितकंच महत्त्व देते.

म्हणून अर्जात नवी इमारत मागू नका. इमारत टप्प्याटप्प्यात बसते. नर्सबाई आणि औषधं बसत नाहीत. दोन्ही एकत्र मागितलं की समोरची बाजू बांधकामाचा आकडा पुढं करते आणि नर्सबाईंची मागणी त्याखाली दबते.

आधी माहिती अधिकारात अर्ज टाका. औषधांसाठी किती पैसे आले, किती खर्चले आणि ३१ मार्चला किती परत गेले, ते विचारा. परत गेले असतील तर ‘निधी नाही’ हे उत्तर तिथंच पडलं. दुसरं, तालुक्यातल्या कोणत्या नर्सबाई कुठं प्रतिनियुक्तीवर आहेत, ते विचारा. रस्त्यालगतच्या केंद्रात दोघी आणि नाल्यापलीकडं एकही नाही, असं निघालं तर अडचण पैशाची नाही, वाटणीची आहे. समिती नेमकं हेच तपासते : दुर्गम, वंचित लोकांना प्राधान्य दिलं का, कमी खर्चाचा मार्ग वापरून पाहिला का. शेजारच्या नर्सबाईंची आठवड्यातून दोन दिवस फेरी, हा असा मार्ग. ग्रामसभेत तसा ठराव करून घ्या आणि पोच जपून ठेवा.

त्या समितीकडं तुम्हाला थेट तक्रार करता येणार नाही. त्यासाठीचा २००८ चा जोडकरार भारतानं स्वीकारलेला नाही. तुमचं दार म्हणजे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. तिथं याचिकेत राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, आधी मांडायचं, करार त्याच्या आधाराला. नुसत्या करारावर याचिका उभी राहत नाही. पश्चिम बंगालमध्ये एका जखमी मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवलं होतं. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सांगितलं की पैशाची तंगी दाखवून राज्याला ही जबाबदारी टाळता येत नाही. महिला म्हणून तुम्हाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

तोवर एक वही घाला. कोणत्या तारखेला कोणाला खाटेवर नेलं, घरून किती वाजता निघालात, दवाखान्यात किती वाजता पोचलात, एवढंच लिहा, आणि प्रत्येक नोंदीखाली घरच्या एकाची सही घ्या.