छोले भटुऱ्यांचे मॅक्रो कसे काढायचे?

प्रश्न: दादरला राहतो, रविवारी घरी छोले भटुरे करतो. भटुऱ्यानं किती तेल प्यायलं हे कसं कळणार?

उत्तर: तळलेला भटुरा वजनकाट्यावर ठेवून कळत नाही. तळताना तेल आत जातं तसं पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, त्यामुळे वजनाचा हिशोब फसतो. तेलासकट कढई आधी तोला, आणि तळून गार झाल्यावर पुन्हा. मागच्या रविवारी आमच्याकडे ८ भटुऱ्यांत ८० ग्रॅम तेल कमी झालं, म्हणजे एकाला १०. तेल नीट तापलं नव्हतं तर हा आकडा वाढतो. भटुरा फुगत नाही आणि कागद तेलकट होतो.

दोन भटुऱ्यांचा मैदा १०० ग्रॅम, म्हणजे ३५० कॅलरी, तेलाच्या १८०. छोले कोरडे असतानाच मोजा, भिजले की वजन दुप्पट होतं. माणशी ६० ग्रॅम छोल्यांच्या २२० कॅलरी. चौघांच्या रश्शाला ५६ ग्रॅम तेल, म्हणजे वाट्याला १४ ग्रॅम, १२५ कॅलरी. कांदा-टोमॅटोच्या २५ धरा. एकूण साधारण ९००: प्रथिनं २२ ग्रॅम, कर्बोदकं ११५, चरबी ३८.

मात्र वरची तर्री तुम्हीच ओढलीत, तर रश्शाचं तेल समान वाटलं गेलं असं धरू नका!