पैसे आले, पण कोणाचे?

प्रश्न: आमची साठेक गिऱ्हाइकं अजून चेकनेच पैसे देतात. सगळ्यांना एनईएफटीवर आणायचंय. पत्रात काय लिहू आणि तारीख कोणती देऊ?

सांगलीत पंपाच्या सुट्या भागांच्या एका होलसेलरकडे मी हिशेब बघतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही हेच केलं आणि पहिल्या महिन्यात फजिती झाली ती माझ्याच पत्रामुळे. खाते क्रमांक, आयएफएससी सगळं दिलं होतं. पैसे पाठवताना रिमार्कमध्ये काय टाकायचं, तेवढंच राहिलं.

एका सकाळी स्टेटमेंटला ४९,२१६ रुपये जमा. पाठवणाऱ्याचं नाव अनोळखी. चेकसोबत निदान बिल नंबरांची चिठ्ठी यायची. इथे दुकानदाराने बायकोच्या खात्यातून पैसे टाकलेले. एवढ्या रकमेचं बिल कोणाच्याच नावावर नाही. दोन तासांनी उलगडलं: ३१,२०० आणि १८,६४० ची दोन बिलं, आणि पहिल्यावर २ टक्के कॅश डिस्काउंट, म्हणजे ६२४ रुपये, कापून घेतलेले. तोवर आमच्या वसुलीच्या पोराने त्याच दुकानात जाऊन तगादा लावला होता. त्या माणसाला समजावताना मालकांच्या नाकीनऊ आले.

म्हणून आधी रिमार्क ठरवा. पूर्ण बिल नंबर मागू नका. त्यात बहुधा तिरकी रेघ असते आणि बऱ्याच बँकांची ॲप रिमार्कमध्ये ती घेत नाहीत. शिवाय आर्थिक वर्षाचे आकडे सगळ्याच बिलांवर सारखे, त्यांनी ओळख पटत नाही. आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कोड दिला आणि पुढे फक्त बिलाचे शेवटचे तीन आकडे ठेवले:

```
P37 417 423
```

कोड आधी, कारण लांब रिमार्क स्टेटमेंटवर शेपटाकडून कापला जातो. कोड राहिला तर बिलं शोधता येतात. नुसते बिल नंबर राहिले तर अर्धवट आकड्यांवरून काही कळत नाही. हा कोड आता प्रत्येक बिलावर एकूण रकमेच्या खालीच छापतो, कोणाला पाठ करावा लागत नाही.

पत्र आम्ही दुसऱ्यांदा पाठवलं ते असं:

"सप्रेम नमस्कार. १ जुलैपासूनच्या तारखेच्या बिलांची रक्कम कृपया चेकऐवजी एनईएफटी किंवा आरटीजीएसने पाठवावी. त्याआधीच्या बिलांचे चेक नेहमीप्रमाणे स्वीकारले जातील. रिमार्कमध्ये आपला कोड व बिलाचे शेवटचे तीन आकडे लिहावेत. डिस्काउंट किंवा टीडीएस वजा केल्यास तसे फोनवर कळवावे. खात्याचा तपशील खाली दिला आहे. यात बदल झाला तर आम्ही स्वतः येऊन सांगू. व्हॉट्सॲप वा ईमेलवर आलेला बदल आम्हाला नेहमीच्या नंबरवर विचारल्याशिवाय मानू नये."

शेवटचं वाक्य गाळू नका. 'आमचं खातं बदललंय' असं सांगणारी पत्रं ठगही पाठवतात, आणि तुमचं पत्र दिसायला अगदी तसंच असतं. आम्ही पत्राची छापील प्रत शिक्का मारून वसुलीच्या फेरीतच हातोहात दिली.

तपशिलात खातेदाराचं नाव बँकेत आहे तसंच लिहा. दुकानाच्या पाटीवरचं नको. खाते क्रमांक, चालू खातं, बँक, शाखा आणि आयएफएससी हे कॅन्सल केलेल्या चेकवरून टिपा आणि दुसऱ्याकडून वाचून घ्या. आयएफएससीचं पाचवं अक्षर शून्य असतं, लोक हमखास 'ओ' टाकतात. एनईएफटीत पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळतंय का ते बँक बघत नाही. एक आकडा चुकला आणि त्या नंबरचं खातं असलं, तर रक्कम तिथे जाऊन बसते. आता पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय आहे. ते बघायला सांगा आणि पहिल्यांदा एक रुपया पाठवून घ्या. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे चालतं, त्याखाली एनईएफटी.

तारीख बिलाची धरा. 'अमुक दिवसापासून चेक घेणार नाही' म्हणालात तर आधीच दिलेल्या पुढच्या तारखांच्या चेकांवरून वाद होईल. पत्र आणि तारीख यांत दीड महिना ठेवा. मार्चअखेर आणि दिवाळी टाळा, तेव्हा कोणी कागद वाचत नाही.

आणि साठच्या साठ आणायच्या हट्टाला पेटू नका. पुढच्या तारखेचा चेक हातात असला आणि तो वटला नाही, तर कलम १३८ खाली नोटीस देता येते. एनईएफटी 'उद्या करतो' म्हणणाऱ्यावर तसा कुठलाच कागद तुमच्याकडे नसतो. आमची अशी चार गिऱ्हाइकं आहेत. त्यांना मी पत्रच दिलं नाही.