ट्रेनरचा रिव्ह्यू घामावरून लिहू नका

जिमविषयीची पत्रं वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. लोक रिव्ह्यूत मनातला राग किंवा आनंद लिहितात, पण डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहीत नाहीत. वाचणाऱ्याला उपयोग पाहिलेल्याचाच होतो. निवडक प्रश्न घेतो आहे.

ट्रायलच्या दिवशी जिम रिकामी होती. आता मुंगी शिरायला जागा नाही. 'खूप गर्दी' एवढं लिहिलं तर चालेल का?

नाही. वार, वेळ आणि कोणत्या साधनासाठी किती थांबावं लागलं, ते लिहा. जड स्क्वॉटचे पाच सेट आणि मधली विश्रांती धरली तर एका माणसाला रॅक पंधरा-वीस मिनिटं लागतो. म्हणजे एक रॅक तासाला तीन-चार जणांनाच पुरतो. 'सोमवारी संध्याकाळी सात वाजता एकच रॅक, पुढे तिघे' हे वाचून कोणीही आपलं गणित मांडू शकतो. ट्रायलला नेहमी स्वतःच्या वेळेलाच जा. 'दुपारी या, निवांत दाखवतो' हे आमंत्रण तुमच्या सोयीसाठी नसतं.

पाच स्टार दिले तर एक महिना फुकट देतायत. घेऊ का?

घेऊ नका. घेतला असेल तर रिव्ह्यूच्या पहिल्याच ओळीत तसं सांगा.

ट्रेनरचं सर्टिफिकेट भिंतीवर फ्रेम करून लावलंय. तेवढं पुरे ना?

नाही. त्यावरचा क्रमांक आणि मुदत पाहा, आणि देणाऱ्या संस्थेकडे विचारून खात्री करा.

माझा पर्सनल ट्रेनर अक्षरशः पिळून काढतो, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. सगळे म्हणतात, असाच ट्रेनर हवा. पण तीन महिने झाले, वजनं तीच उचलतोय. रिव्ह्यू काय लिहू?

'सगळे म्हणतात' हे आधी बाजूला ठेवा. अंग दुखणं म्हणजे स्नायूंना सवय नसलेलं काम पडलं, एवढाच त्याचा अर्थ. हे दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि तेच काम पुन्हा केलं की कमी होत जातं. त्यामुळे दर वेळी नवाच व्यायाम देणारा ट्रेनर तुम्हाला वर्षभर दुखतं ठेवू शकतो आणि ताकद मात्र आहे तिथेच राहते. दुखणं दिसतं, सांगता येतं, म्हणून ते विकलं जातं. मला याची खरोखर चीड येते, कारण त्यात माणसाचे पैसे तर जातातच, वर 'माझंच शरीर असं' अशी त्याची समजूत होते.

ट्रेनरला जोखायचं तर सुरुवातीपासून आठवा. पहिल्या दिवशी त्याने रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, जुन्या दुखापती आणि चालू औषधं विचारली होती का? काही आढळलं तेव्हा 'आधी डॉक्टरांना विचारून या' असं म्हणाला का? न विचारता थेट डंबेल हातात दिलं असेल, तर बाकी कितीही चांगलं असलं तरी ते रिव्ह्यूत आलंच पाहिजे.

मग सेट चालू असताना त्याची नजर कुठे असते ते पाहा. समजा तुम्ही छातीशी डंबेल धरून स्क्वॉट करताय आणि सहाव्या रेपला गुडघे आत वळायला लागले. चांगला ट्रेनर सेट थांबवतो, वजन कमी करतो किंवा मागे बाक ठेवून खोली कमी करतो, एकच सोपी सूचना देतो आणि पुढचा सेट समोर उभा राहून पाहतो. वाईट ट्रेनर मोबाइलमधून मान वर काढून 'अजून दोन, अजून दोन' म्हणतो. दोघांचा आवाज सारखाच उत्साही असतो, म्हणून आवाजावर जाऊ नका.

आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे नोंद. वही असो वा फोन, मागच्या वेळी किती वजन, किती रेप्स हे त्याच्याकडे लिहिलेलं हवं. एक साधी नोंद अशी असते : पहिल्या आठवड्यात 12 किलो, आठ रेप्सचे तीन सेट. पुढच्या आठवड्यांत तेच वजन, पण नऊ, दहा असं करत बारा रेप्स. तिन्ही सेट बारापर्यंत नीट झाले की 14 किलो आणि पुन्हा आठपासून. यात चमत्कार काही नाही, पण वही नसेल तर हे घडत नाही. ट्रेनर अंदाजाने वजन देतो आणि तुम्ही तीन महिने 12 किलोवरच राहता. नवशिक्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत तर वेगाने वाढते, कारण मेंदू आणि नसा स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात. त्या काळात वजन हललंच नाही तर कारण विचारायलाच हवं.

कारण खरंही असू शकतं. तुमचे खाडे, अपुरी झोप, कडक डाएट, जुनी दुखापत. म्हणून आधी नोंद मागा, कारण विचारा आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं रिव्ह्यूत लिहा. 'नोंद मागितली, नव्हती' हे तीन शब्द दहा विशेषणांपेक्षा उपयोगी आहेत.

एक गोष्ट मात्र रिव्ह्यूसाठी थांबवू नका. दुखणं असह्य झालं, हात-पाय सुजले, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि किडनीवर भार येतो. 'पाणी पी, जाईल' असं सांगणाऱ्या ट्रेनरचं ऐकू नका.

मांडीवर गोल चट्टा आलाय, खाजतो. जिमच्या मॅटवरूनच आला ना? तिथल्या मित्राने एक मलम दिलंय, बरं वाटतंय.

मलम बंद करा आणि ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. अशा मलमात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, पण बुरशी असेल तर ती पसरते आणि नंतर ओळखायलाही अवघड जाते. मॅटवरून बुरशी लागू शकते, तशी ती टॉवेलवरून किंवा घरातूनही लागते, तेव्हा 'यांच्यामुळे झालं' असं लिहू नका. पाहिलेलं लिहा : स्प्रेची बाटली रिकामी होती, एकाच फडक्याने सगळे बाक पुसले, फवारलं की लगेच कोरडं केलं. जंतुनाशकाला काम करायला पृष्ठभाग काही वेळ ओला राहावा लागतो. किती, ते बाटलीवर छापलेलं असतं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत जिमच्या मॅटवर झोपू नका.

'कधीही रद्द करा' असं तोंडी सांगितलं होतं. आता म्हणतात, आधी नोटीस द्या. बँकेतून ऑटो-डेबिट बंद केला की सुटलो ना?

नाही. त्याने पैसे जायचे थांबतात, करार संपत नाही. थकबाकी तुमच्या नावावर चढत राहू शकते. आधी ईमेलने लेखी नोटीस द्या, पोच मागा, मग तारखा पाहा. समजा मेंबरशिप 31 डिसेंबरला संपते, आपोआप नूतनीकरण होतं आणि 30 दिवसांची नोटीस लागते. मग तुमचं पत्र 1 डिसेंबरपर्यंत पोहोचायला हवं. 10 तारखेला काउंटरवर बोलून आलात तर ते म्हणणार, नवं वर्ष लागू झालं. लोक नेमके इथेच उशीर करतात. पर्सनल ट्रेनिंगची सेशन्स बहुधा वेगळ्या कागदावर असतात आणि त्यांना स्वतःची मुदत असते; तोही कागद काढा. पैसे अडवण्याआधी दोन्ही कागद ग्राहक कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. रिव्ह्यूत 'चोर' लिहू नका. कलमाचे शब्द, तुम्हाला तोंडी काय सांगितलं आणि नोटीस दिल्याची तारीख, एवढंच लिहा.