दिवाळीच्या स्कीममधले ३ टक्के नेमके कशावर?

प्रश्न: इंदूरला सियागंजात आमचं होलसेल दुकान आहे. डिस्ट्रिब्युटरच्या सर्क्युलरमध्ये ५ लाखांपासून २ टक्के आणि ८ लाखांपासून ३ टक्के असे स्लॅब दिलेत. साडेआठ लाखांचा माल उचलला तर ३ टक्के सगळ्या रकमेवर मिळतील की वरच्या ५० हजारांवरच?

उत्तर: सगळ्या रकमेवर, म्हणजे २५,५०० रुपये, मात्र सर्क्युलरमध्ये ‘एकूण खरेदीवर’ असं लिहिलेलं हवं. ‘स्लॅबच्या वरील रकमेवर’ असं असेल तर मधल्या ३ लाखांचे ६,००० आणि वरच्या ५० हजारांचे १,५००, एवढेच हाती येतील. मी एका डिस्ट्रिब्युटरकडे स्कीमचा हिशेब बघतो. दर सीझनला भांडण याच एका ओळीवरून होतं. दोन्हींपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर माल उचलण्याआधी सेल्समनकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या, काउंटरवरचं ‘हो जाएगा भैया’ धरू नका.

खरी मेख वापसीत असते. टार्गेट बहुधा निव्वळ खरेदीवर मोजतात: जीएसटी सोडून, परत केलेला माल वजा करून. समजा तुमचे साडेआठ लाख जीएसटीशिवायचे आहेत आणि दिवाळीनंतर ६० हजारांचा माल परत गेला. उरले ७ लाख ९० हजार. तुम्ही खालच्या स्लॅबमध्ये आलात, आणि ‘एकूण खरेदी’च्या हिशेबानेही क्रेडिट नोट १५,८०० चीच निघेल. म्हणून वापसी कोणत्या तारखेपर्यंत मोजणार, तेही त्याच मेसेजमध्ये विचारून घ्या.