उत्तरपत्रिका न उघडण्याच्या दोन तऱ्हा

प्रश्न : प्रवेश परीक्षेचा हा माझा दुसरा प्रयत्न आहे. मागच्या रविवारी सराव परीक्षा दिली. १०० पैकी ५४ प्रश्न बरोबर आले. तेव्हापासून डोक्यात एकच घोष चालू आहे : ‘तू मठ्ठ आहेस, आईबाबांचे पैसे वाया घालवतेस, तुझ्याच्याने हे होणार नाही.’ उत्तरं तपासायची राहिली आहेत, पण फाइल उघडवत नाही. मैत्रीण म्हणते, स्वतःशी जरा मायेने वाग. मला भीती वाटते, की मी मऊ पडले तर आळशी होईन. आजवर जे मिळवलं ते स्वतःला झापूनच मिळवलं. स्वतःला समजून घेणं म्हणजे शेवटी सबबी सांगणंच नाही का?

उत्तर : तुझ्या पत्रात मी सगळ्यात जास्त थांबले ते ‘फाइल उघडवत नाही’ या शब्दांपाशी. सराव परीक्षेतून जे काही शिकता येतं ते सगळं त्या फाइलमध्ये आहे आणि नेमकी तीच बंद राहिली आहे.

समज, दुसरा एखादा विद्यार्थी तेवढेच गुण घेऊन घरी आला आणि म्हणाला, ‘पेपरच वाकडा काढला होता.’ तोही फाइल उघडणार नाही. पेपरच वाकडा असेल तर त्यात बघायचं काय? आणि तू मठ्ठच असशील तर त्यात बघायचं तरी काय? दोन्ही वाक्यांनी चौकशी सुरू होण्याआधीच निकाल देऊन टाकला. एकात दोष पेपरच्या माथी, दुसऱ्यात तुझ्या माथी, पण चुकलेले प्रश्न दोघांनीही पाहिलेले नाहीत. म्हणून मला वाटतं, सबबीच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे स्वतःला असं सरसकट झापणं. त्यात कष्ट होतात, त्रास होतो, त्यामुळे ती शिस्त आहे असं वाटतं, एवढंच.

झापूनच मिळवलं, हे तू मनापासून लिहिलं आहेस, म्हणून त्याबद्दल नीट बोलू. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांनी इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा एक अनुभव सांगितला आहे. कौतुक केलं की शिकाऊ वैमानिक पुढच्या वेळी चुकतात आणि खडसावलं की सुधारतात, असं एका अनुभवी प्रशिक्षकाचं ठाम म्हणणं होतं. त्याचं निरीक्षण खरं होतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला होता. कुणाचंही उड्डाण कधी नेहमीपेक्षा चांगलं होतं, कधी वाईट. फार वाईट उड्डाणानंतरचं उड्डाण बहुतेक वेळा आपोआपच थोडं बरं होतं, कारण ते त्या माणसाच्या सरासरीकडे परत येतं. ओरडा वाईट उड्डाणानंतरच बसतो, म्हणून सुधारणेचं श्रेय ओरड्याला मिळतं. कौतुकाच्या बाबतीत नेमकं उलट घडतं.

तुझ्या अभ्यासातही हाच हिशेब चालू असणार. तू स्वतःला झापतेस ती वाईट चाचणीनंतर. पुढची चाचणी थोडी बरी जाते आणि आतला आवाज म्हणतो, बघ, मी बोलले म्हणून झालं. चांगल्या चाचणीनंतर काय होतं ते मात्र तू मोजत नाहीस. एक गोष्ट मी मान्य करते : धाक काही कामांना उपयोगी पडतो. पाठ असलेली गोष्ट घोटायची असेल, मुदत उद्याची असेल, तर भीतीने माणूस खुर्चीत बसतो. पण आपलीच चूक उलगडून बघायची असेल तेव्हा धाक आड येतो. मनात एका वेळी फार थोडं मावतं, आणि ‘माझं कसं होणार’ ही काळजी त्यातली बरीच जागा अडवून बसते.

मऊ पडण्याच्या भीतीबद्दल एक प्रयोग सांगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी केलेल्या या कामाचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड चाचणी दिली. त्यानंतर एका गटाला सांगितलं, की अशी चाचणी अनेकांना जड जाते, स्वतःवर फार तुटून पडू नका. दुसऱ्या गटाच्या आत्मसन्मानाला थोडं गोंजारलं : तुम्ही इथे प्रवेश मिळवलात म्हणजे हुशार असणारच. तिसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही. मग सगळ्यांना दुसऱ्या चाचणीची तयारी हवा तेवढा वेळ करू दिली. सगळ्यात जास्त वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने. मला यात दुसरा गट महत्त्वाचा वाटतो. ‘तू हुशार आहेस’ हे ऐकूनही त्यांचा अभ्यास तेवढा वाढला नाही. तेव्हा मैत्रीण म्हणते ती माया म्हणजे स्वतःची तारीफ असं समजू नकोस. चाचणी वाईट गेली हे त्या पहिल्या गटापासून कुणी लपवलं नव्हतं.

आता हे प्रत्यक्ष कागदावर कसं दिसतं ते बघ. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून. त्याच्या १०० प्रश्नांच्या चाचणीत ५८ बरोबर, २८ चूक आणि १४ प्रश्नांना हातच लावलेला नव्हता. त्याचं स्वतःबद्दलचं मत तुझ्यासारखंच होतं. आम्ही गुण बाजूला ठेवले आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे फक्त कारण लिहिलं. ९ ठिकाणी संकल्पनाच माहीत नव्हती. ८ ठिकाणी रीत बरोबर, आकडेमोड चुकली. ६ ठिकाणी प्रश्न नीट वाचला नव्हता, ‘चुकीचे विधान ओळखा’ असं असताना बरोबर विधानावर खूण केली होती. उरलेले ५ म्हणजे दोन पर्यायांमधले फसलेले अंदाज.

मग न सोडवलेले १४. त्यातले १० त्याने माझ्यासमोर बसून घड्याळ न लावता सोडवले. म्हणजे ते येत होते, तिथवर तो पोचलाच नव्हता. वेळ कुठे गेला ते शोधलं, तर पहिल्याच विभागातल्या चार प्रश्नांवर वीस मिनिटांहून जास्त घालवली होती आणि चारपैकी एकच बरोबर आला होता. पुढे का सरकला नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, “एवढंही येत नाही का, असं वाटत राहिलं. सोडून पुढे जायची लाज वाटली.” जो आवाज परीक्षेनंतर त्याला झापत होता, त्यानेच परीक्षेत त्याला जागीच खिळवून ठेवलं होतं.

सबब कुठे होती, तेही या तपासणीत सापडलं. संकल्पना माहीत नसलेल्या ९ प्रश्नांपैकी ६ संभाव्यतेच्या एकाच प्रकरणातले होते. त्याने कारण लिहिलं : ‘क्लासमध्ये हे घाईत उरकलं.’ हे खरंही असेल. पण वाक्य तिथेच संपतं, आणि त्याने स्वतः काय केलं याबद्दल त्यात काहीच नाही. मी त्याला तेच वाक्य पुढे लिहायला सांगितलं. बराच वेळ गेला, मग त्याने लिहिलं : ‘क्लासमध्ये घाईत झालं. नंतर दोन महिने मीही ते उघडलं नाही, कारण पहिल्याच उदाहरणात अडकलो आणि आपल्याला हे जमणारच नाही असं वाटलं. अवघड प्रकरणाशी अनेकांचं असं होतं. उद्या पहिली तीन सोडवलेली उदाहरणं वाचेन आणि अडेल तिथे खूण करून सरांना विचारेन.’

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला या चार वाक्यांत दिसतं. त्याने दोन महिन्यांची टाळाटाळ स्वतःच्या हाताने लिहिली. सबब सांगणारा ती लिहीत नाही, आणि झापणाराही लिहीत नाही. तो ‘मी आळशी’ म्हणून मोकळा होतो. चुकीला पाठीशी घातलं की ती लहान दिसू लागते किंवा दिसेनाशीच होते. समजून घेतलं की तिचा नेमका आकार कळतो, आणि बऱ्याचदा एखादी जास्तीची चूकही कबूल करावी लागते. ‘अनेकांचं असं होतं’ हे वाक्य मात्र फसवं आहे, त्यावर नजर ठेव. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःशी मायेने वागण्याच्या या विषयाची मांडणी केली, तेव्हा आपलं दुःख आणि चुका इतर माणसांसारख्याच आहेत हे जाणणं हा एक मुख्य घटक मानला. त्या वाक्यानंतर ‘म्हणून मी एकटी बिघडलेली नाही, बघू या’ असं आलं तर ते कामाचं. ‘म्हणून सोडून दे’ असं आलं तर ती सबब झाली. कोणतंही वाक्य तपासताना त्यानंतर तू काय करतेस तेवढं बघ.

त्या मुलाला पुढच्या चाचणीत ६३ मिळाले. गुण आपोआपही थोडे वाढतात, हे वर लिहिलंच आहे, म्हणून त्या वाढीवर मी फारसं काही ठरवत नाही. न सोडवलेले प्रश्न १४ वरून ५ वर आले होते, ते मला जास्त सांगून गेलं. कारण तिथे त्याने वागणं बदललं होतं : दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर खूण करून पुढे. संभाव्यतेच्या चुका जवळपास तेवढ्याच राहिल्या. ते प्रकरण एका आठवड्यात होणारं नव्हतंच.

तू आज फाइल उघड, पण सगळी नको. पहिले दहा चुकलेले प्रश्न घे आणि प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिही. ओळ अशी हवी की ती वाचून दुसऱ्या कुणालाही नेमकी चूक कळावी. ‘निष्काळजीपणा’ हे कारण चालणार नाही, ‘शेवटच्या पायरीत उणे चिन्ह सुटलं’ हे चालेल. मधेच तो आवाज आला तर त्याच्याशी वाद घालत बसू नकोस. तो काय म्हणाला ते समासात लिही आणि पुढच्या प्रश्नाकडे वळ. कधीकधी कारण असं निघेल, की हा भाग मी वाचलाच नव्हता. तेही तसंच लिही, त्यावर विशेषणं न लावता.

आईबाबांच्या पैशांचा विषय या तपासणीत मिसळू नकोस. तो उत्तरपत्रिकेत सुटत नाही. दहा कारणं लिहून झाली की तोच कागद घेऊन त्यांच्याशी बोल : कुठे अडलं आहे, पुढच्या महिन्यात काय करणार आहेस. ते काय म्हणतील हे आता तुझ्यातला तो आवाजच ठरवतो आहे. त्यांनाच विचारलेलं बरं.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवायला हवी. हा आवाज परीक्षेपुरता न राहता दिवसभर, सगळ्याच बाबतीत चालू असेल, झोप आणि भूक उडाली असेल किंवा आपण नसलेलंच बरं असं कधी वाटत असेल, तर हे कागद-पेनाचं काम नाही. तसं असेल तर आजच घरात कुणाला तरी सांग आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेट. अभ्यासाचं आपण नंतर बघू. तसं नसेल, तर दहा ओळी लिहून झाल्यावर मला पाठव. कोणत्या कारणाचे किती प्रश्न निघाले ते पाहून पुढच्या सराव परीक्षेआधी काय करायचं ते आपण ठरवू.