अनारशावरची खसखस

"आई, अनारशाला लावतो ती खसखस म्हणजे अफूचं बी आहे म्हणे! बावीस तारखेला कॉलेजमध्ये माझी ड्रग्जसाठी युरीन टेस्ट आहे. पॉझिटिव्ह आली तर? आपल्याकडे असलं काही मुळात खातातच कशाला?"

सई बाळा,

काल "सकाळी बोलू" म्हणून मी फोन ठेवला, कारण "असलं काही" हे दोन शब्द मला लागले. तू घाबरून बोललीस हे कळतं मला. पण माझ्या डोळ्यासमोर एकदम माईआजी आली, मागच्या पडवीत पाट टाकून खसखस रोळत बसलेली.

दिवाळीच्या आठवडाभर आधी ती खसखस मोठ्या पातेल्यात घ्यायची, वर पाणी ओतायची आणि हाताने गोल फिरवायची. रेव तळाशी बसली की वरची खसखस पाण्यासकट धोतराच्या मऊ फडक्यावर ओतून घ्यायची. असं तीनदा. पहिलं पाणी गढूळ, पिवळट, थोडं कडसर वासाचं. मी एकदा त्यात बोट बुडवून चाटायला गेले तर हातावर चापट बसली. "ते टाकायचं पाणी आहे" एवढंच म्हणाली. मग शरूमावशी आणि मी ती खसखस वाळत घालायचो आणि चिमण्या हाकलत बसायचो. माई हे सगळं खड्यासाठी करायची. अनारशात दाताखाली कचकन आलेलं तिला अजिबात खपायचं नाही.

तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या गढूळ पाण्यात आहे. खसखस अफूच्याच झाडाची, हे खरं. पण अफू असते बोंडाच्या सालीतल्या चिकात. मॉर्फीन, कोडीन, थेबेन हे सगळं त्या चिकात. पिकलेल्या दाण्याच्या आत यातलं जवळजवळ काही नसतं. बोंडं फोडून बी काढताना चीक आणि सालीचा भुगा दाण्याला बाहेरून चिकटतो. म्हणून एका पोत्यातली खसखस अगदी स्वच्छ असते, तर दुसऱ्यातलीत कितीतरी पट जास्त मॉर्फीन असतं, आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. वरवर चिकटलेलं असल्यामुळे धुतल्यावर बरंचसं निघून जातं. भाजल्यानेही कमी होतं. माईला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होतं असं मी तिच्या नावावर खपवणारही नाही.

आता तुझे अनारसे. मी रोळत नाही गं. पुडा फोडते आणि थेट त्यात थापते. आणि अनारसा आपण उलटत नाही, खसखशीची बाजू वर ठेवून नुसतं तूप उडवतो, म्हणजे तिला आच लागते तीही बेताचीच.

एका अनारशाला अडीच ग्रॅम खसखस धर. चार खाल्लेस तर दहा ग्रॅम. युरोपात दुकानात विकायच्या खसखशीला किलोमागे २० मिलिग्रॅम मॉर्फीन इतकी कमाल मर्यादा आहे. तशी खसखस असेल तर तुझ्या पोटात ०.२ मिलिग्रॅम गेलं. ते सगळंच्या सगळं दिवसभराच्या दीड लिटर लघवीत उतरलं असं मानलं, तरी मिलिलिटरला साधारण १३० नॅनोग्रॅम होतात. पण खसखस दहापट मळकी निघाली तर? तशी निघतेही. मग पोटात दोन मिलिग्रॅम जातं. पहिल्या काही तासांतल्या अर्ध्या लिटर घट्ट लघवीत त्यातलं निम्मं आलं, तर आकडा २,००० च्या आसपास जातो.

हा २,००० आकडा लक्षात ठेव. इथे अमेरिकेत सरकारी नियमाच्या टेस्टमध्ये पूर्वी ३०० च्या वर गेलं की पॉझिटिव्ह धरायचे. खसखस खाणारी माणसं त्यात विनाकारण अडकत होती, म्हणून १९९८ मध्ये ती रेघ २,००० वर नेली. पण हा नियम सगळ्यांना लागू नाही. कितीतरी हॉस्पिटलं आणि खासगी लॅब अजून ३०० वरच रेघ मारतात. मी स्वतः लॅबमध्ये इतकी वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते, रिपोर्टवर नुसतं "पॉझिटिव्ह" असतं, रेघ कुठली होती ते कुणी विचारत नाही. २०१० मध्ये पेनसिल्वेनियात एका बाईने बाळंतपणाला जाण्याआधी खसखस लावलेला बेगल खाल्ला. हॉस्पिटलची रेघ खालची होती. तिचं तीन दिवसांचं बाळ तिच्याकडून काढून नेलं आणि पाच दिवसांनी परत दिलं. ती बातमी वाचली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. मी तुझ्या खोलीत येऊन नुसती उभी राहिले होते.

म्हणून कॉलेजला एवढंच विचार: ओपिएटची कटऑफ ३०० आहे की २,०००? आणि पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री करतात का? पहिली चाचणी ढोबळ असते, दुसरी मॉर्फीन आणि कोडीन वेगवेगळं मोजते. तरीही ते मॉर्फीन खसखशीतून आलं की गोळीतून, हे तीही सांगू शकत नाही, एवढं समजून घे. हेरॉइनची मात्र स्वतःची खूण आहे, सिक्स-अॅसिटिलमॉर्फीन. खसखस खाऊन ते कधीच येत नाही. नमुन्यात ते सापडलं नाही, तर ती तुझ्या बाजूची गोष्ट आहे, पण पूर्ण पुरावा नव्हे. तेव्हा काय खाल्लंस ते तपासणाऱ्या डॉक्टरला आधीच सांग. निकाल लागल्यावर सांगितलं की ती सबब वाटते.

दाणे खाल्ल्यावर साधारण दोन दिवस लघवीत सापडू शकतं. तू चार दिवस आधीपासून खाऊ नकोस. अनारसेही नाहीत आणि तुमच्या कँटीनमधला खसखशीचा मफिनही नाही. तो तुला "असलं काही" वाटत नाही ना? असू दे, टोमणा नाही मारत.

एक मात्र बजावून सांगते. न धुतलेली खसखस भिजवून ते पाणी पिणारी पोरं या देशात आहेत, आणि त्याने माणसं दगावली आहेत. दाणे बाजूला, चीक सगळा पाण्यात. माईची चापट बरोबर होती.

"कशाला खातातच" याचं माझ्याकडे धड उत्तर नाही. माई म्हणायची, खसखशीच्या खिरीने झोप छान लागते. लहानपणी मला खरंच लागायची, पण ती खिरीने की तिच्या मांडीने, आज सांगता येत नाही. तुला नको असेल तर पुढच्या वर्षी तुझ्यापुरते तीळ लावून करीन. अप्पाकाका ओरडेल, त्याला ओरडू दे.

कपाटातली खसखस मी आज रोळायला काढली आहे. पहिलं पाणी गढूळच निघालं. फ्रीजमधला डबा तेवीस तारखेपर्यंत उघडू नकोस, आणि कॉलेजने कटऑफ काय सांगितली ते मला लगेच कळव.

तुझी,
आई